मूठ कुठे थांबते?
शाळेतल्या कराटेच्या तासाला दोन मुलं समोरासमोर वाकून ‘रेई’ करतात. मग अंतर मोजायचं: एकाने पाऊल टाकून हात पूर्ण ताणला, तरी मूठ दुसऱ्याच्या नाकापासून वीतभर दूर राहायला हवी. ‘जोदान’ अशी आधी सूचना देऊन तो सावकाश ठोसा मारतो. समोरचा ‘आगे-उके’ करतो, म्हणजे हाताची ढाल कपाळाच्या मूठभर वर नेतो, पण जोडीदाराच्या हाताला न लावता.

गफलत बहुधा भिडस्त मुलांकडून होते. लागू नये म्हणून ती ठोसा कानाच्या बाजूला नेतात. मग अडवायला काही उरतच नाही. शिक्षक एकदा बचाव न करता उभं राहायला सांगतात. मूठ नाकासमोरच थांबली, तर दिशा बरोबर. वीतभराच्या आत आली, तर अंतर पुन्हा मोजायचं.