‘दिवाळीनंतर बघू’ म्हणण्याऐवजी

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम जुलैमध्ये नाकारावंच लागतं. ओल्या कोब्यावर लेप धरत नाही, स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी आत कोंडतं आणि पुढच्या पावसात तोच लेप पापुद्र्यासारखा सुटतो. पण वरच्या मजल्यावरच्या घरात छताला ओल आलेली असते, सेक्रेटरींना रोज फोन येत असतात आणि सोसायटी तातडीने कोटेशन मागते. त्यावर बहुतेक कंत्राटदारांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘आत्ता पावसाचं काम होणार नाही, दिवाळीनंतर बघू.’ यात नकार आहे की होकार, हे वाचणाऱ्याला कळत नाही. सेक्रेटरी ‘दिवाळीनंतर’ म्हणजे दिवाळीचा दुसरा आठवडा समजतात, कंत्राटदाराच्या मनात जानेवारी असतो आणि नोव्हेंबर उजाडला की दोघांनाही फसवल्यासारखं वाटतं.

नकाराचं कारण नीट मांडलं, तर पुढची तारीख त्यातूनच निघते. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मुंबईतून पाऊस 8 ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो. त्यानंतर स्लॅब वाळायला काही आठवडे द्यावे लागतात. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, त्यामुळे कारागीर गावी जाऊन परत येईपर्यंत दुसरा आठवडा संपतो. म्हणजे सोमवार, 16 नोव्हेंबर ही पहिली खरी तारीख. ती अशी मोजून काढलेली असली की पुढे पाळताही येते. केवळ समोरच्याला बरं वाटावं म्हणून लिहिलेली तारीख टिकत नाही.

अशा पत्राचा मसुदा साधारण असा होतो:

‘सेक्रेटरीसाहेब, सस्नेह नमस्कार. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाळा संपेपर्यंत आम्हाला करता येणार नाही. ओल्या कोब्यावर केलेलं काम टिकत नाही आणि त्याची हमी देता येत नाही. सोमवार, 16 नोव्हेंबर 2026 रोजी सकाळी 9 वाजता काम सुरू करता येईल. ही तारीख आपल्यासाठी 10 ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवतो, तोपर्यंत लेखी होकार कळवावा. गळती कुठून होते हे पावसातच नीट दिसतं, म्हणून शनिवार, 11 जुलै रोजी सकाळी 11 वाजता पाहणीला येतो. कोटेशन 5 सप्टेंबरपर्यंत देतो.’

पहिल्याच वाक्यात ‘करता येणार नाही’ आहे, हे महत्त्वाचं. मराठीत भिडेपोटी ‘जमेल असं वाटत नाही’, ‘बघतो’, ‘कळवतो’ असं लिहायची सवय आहे आणि त्या शब्दांमागे समोरचा आशा धरून बसतो. नकार स्पष्ट झाला की पुढची तारीख त्याच्याच जोडीने वाचली जाते. क्रम उलटा केला आणि आधी 16 नोव्हेंबर लिहिली, तर घाईत वाचणारा सेक्रेटरी काम मंजूर झालं असंच समजतो.

कोटेशनची 5 सप्टेंबर ही तारीख सोसायटीच्या सोयीने धरलेली आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि सभेची सूचना 14 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. आकडा सप्टेंबरच्या अखेरीस आला, तर खर्चाला मंजुरी मिळत नाही आणि काम वर्षभर लांबतं. 10 ऑक्टोबरची मुदतही त्यामुळेच सभेनंतरची आहे. मुदत लिहिली नाही, तर कंत्राटदार महिनोन्‌महिने ती जागा रिकामी ठेवतो किंवा न सांगता दुसऱ्याला देऊन टाकतो.

तारखेला लागून येणारे ‘शक्यतो’, ‘साधारण’, ‘आसपास’ हे शब्द तिची ताकद काढून घेतात. ‘16 नोव्हेंबरच्या आसपास’ हे ‘दिवाळीनंतर’च्याच जातीचं आहे. मजकुरावरून दिनदर्शिकेच्या एका चौकोनात खूण करता येते का, एवढं तपासलं की दोष सापडतो. अनिश्चितता खरीच असेल, तर ती वेगळ्या वाक्यात आणि तिच्याही तारखेसह लिहावी: ‘पाऊस लांबला, तर काम 23 नोव्हेंबरला सुरू होईल. त्याचा निर्णय 2 नोव्हेंबरला कळवतो.’

काही वेळा कामाची तारीख प्रामाणिकपणे देताच येत नाही. कारागिरांची टोळी दुसऱ्या इमारतीवर अडकलेली असते आणि ते काम कधी संपेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी कामाची तारीख ओढूनताणून लिहू नये. ‘20 ऑक्टोबरला नक्की हो किंवा नाही सांगतो, आपल्याला त्याआधी दुसरीकडे काम द्यायचं असेल तर जरूर द्यावं’ असं लिहिलं, म्हणजे सोसायटी अडकून पडत नाही. मात्र 20 तारखेला फोन करायचं काम कंत्राटदाराचं, सेक्रेटरींनी आठवण करून द्यायची वाट पाहायची नाही.