उंट थांबेल, आधी घोडा

बुद्धिबळात मारामारी सुरू झाली की हात आपोआप चालतो. त्यानं आपला घोडा मारला, आपण त्याचा उंट मारला, फिटंफाट. हे इतकं ठरून गेलेलं असतं की समोरचाही आपण परत मारणारच असं धरून पुढचा बेत आखतो. पण परत मारलंच पाहिजे असा नियम कुठेही नाही. मारण्याआधी एखादी वेगळीच, तातडीची चाल मध्ये घुसवता येते. जर्मन भाषेत तिला ‘त्स्विशेनझूग’ म्हणतात. आपण तिला सरळ मधली चाल म्हणू.

याचा सगळ्यात सुटसुटीत नमुना १९२४ सालच्या न्यूयॉर्क स्पर्धेत सापडतो. पांढऱ्या मोहऱ्यांनी टार्टाकोव्हर खेळत होता, काळ्यांनी तेव्हाचा विश्वविजेता कापाब्लांका. टार्टाकोव्हरनं किंग्ज गॅम्बिट मांडला होता आणि आठ चालींतच पट विस्कटला होता. काळ्याचा उंट बी-४ वर होता. त्यानं दिलेल्या शहामुळे पांढऱ्या राजाला एफ-१ वर सरकावं लागलं होतं, म्हणजे किल्लेकोट गेला. काळ्याचा राजा अजून मूळ जागी, ई-८ वर होता.

नवव्या चालीला टार्टाकोव्हरनं एफ-४ वरच्या उंटानं बी-८ वरचा घोडा मारला. चाल साधी दिसते, पण तिच्यात डाव होता. काळ्यानं हत्तीनं उंट परत मारला की पांढरा वजीर ए-४ वर येऊन राजाला शह देणार, आणि त्याच जागेवरून शेजारच्या बी-४ वरच्या उंटावरही नजर ठेवणार. त्या उंटाला कुणाचाच आधार नव्हता. मूळ घोडा जिवंत असता तर तो सी-६ वर येऊन शह अडवता अडवता उंटालाही झाकू शकला असता. पण मारला गेला होता तो तोच घोडा. दुसरा उंट मध्ये घालून शह अडवता आला असता, मात्र बी-४ वरचा उंट तेवढ्यात गेला असता.

कापाब्लांकानं बी-८ वरच्या उंटाला हातच लावला नाही. त्यानं दुसरा घोडा एफ-६ वरून डी-५ वर नेला. या एका चालीनं दोन कामं झाली. बी-४ वरच्या उंटाला घोड्याचा आधार मिळाला, त्यामुळे ए-४ वरच्या शहातला दंश संपला. शिवाय घोडा आता ई-३ वर जाऊन राजा आणि वजीर दोघांनाही एकदम धरणार होता. बी-८ वरचा पांढरा उंट मात्र होता तिथेच, हत्तीच्या तोंडाशी.

इथे चांगला वाचक विचारेल, मग पांढऱ्यानं तो उंट वाचवला का नाही? मधल्या चालीचा खरा धोका हाच आहे. आपण मारणं लांबवलं की मिळालेल्या वेळात सावज निसटू शकतं. उंट एफ-४ वर परतला असता तर ई-३ हे घरही त्याच्या पहाऱ्यात आलं असतं. आणि घोड्यानं तो लगेच मारावा असा मोह झाला असता. तसं केलं की घोडा डी-५ सोडतो, बी-४ वरचा उंट पुन्हा उघडा पडतो आणि वजिराचा तोच जुना शह जिवंत होतो. त्यावरचं उत्तर म्हणजे काळा वजीर एफ-६ वर आणणं. आता पांढरा उंट स्वतःच्या राजासमोर खिळतो. ई-३ राखायला तो हलूच शकत नाही, आणि घोडा जागचा न हलता वजीरच त्याला मारू शकतो. डी-५ ची चाल हे सगळं पेलते, म्हणूनच ती चालते.

माझ्यासारखे हौशी खेळाडू नेमके इथे आपटतात. एकदा मी परत मारायचं सोडून मोठ्या ऐटीत प्याद्यानं वजिरावर हल्ला केला. समोरच्यानं शांतपणे त्याच वजिरानं माझं एक प्यादं खाल्लं, आणि तेही शह देऊन. म्हणजे त्यानंही मधलीच चाल खेळली. मी राजा हलवला आणि जे मोहरं मी परत मारणार होतो ते पुढच्या चालीत पळालं. तेव्हापासून आधी प्रतिस्पर्ध्याचे सगळे शह मोजतो, मग त्याच्या माराच्या चाली, आणि त्यानंतरच आपली हुशारी. शहाला उत्तर द्यावंच लागतं, त्यामुळे मध्ये घुसवलेला शह बहुधा सुरक्षित असतो. नुसती धमकी तेवढी भक्कम नसते. कापाब्लांकाची चाल शह नव्हती, तरी तिच्यामागे वजीर गमावण्याची भीती होती, आणि एका उंटापुढे ती मोठी ठरली.

टार्टाकोव्हरनं राजा एफ-२ वर नेला, ई-३ हे घर राजाच्याच ताब्यात आलं आणि धमकी टळली. मग कापाब्लांकानं हत्तीनं बी-८ वरचा उंट मारला. मोहऱ्यांचा हिशेब तोच, एका चालीनं उशिरा. फक्त मधल्या काळात काळ्याचा घोडा पटाच्या मध्यावर येऊन बसला होता, आणि पांढरा राजा एक घर आणखी पुढे, उघड्यावर आला होता. डाव तिसाव्या चालीला संपला, काळ्याच्या विजयानं.