फिरत्या पाळीतील हजेरी व वेतनगणना

फिरत्या पाळीतील हजेरी व वेतनगणना ही चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात कामगाराने प्रत्यक्ष केलेल्या कामाचे तास ठरवून त्यांचे वेतनात रूपांतर करण्याची पद्धत होय. पाळीपत्रक, हजेरीनोंद, हजेरीचे नियमितीकरण, अतिकालिक कामाची (ओव्हरटाइमची) मोजणी आणि पगारपत्रक हे तिचे पाच टप्पे असून प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर अवलंबून असतो. ठाणे जिल्ह्यात वागळे इस्टेट, अंबरनाथ आणि डोंबिवली येथील औद्योगिक क्षेत्रांत रसायन, कापड प्रक्रिया व अभियांत्रिकी उद्योगांचे कारखाने असून त्यांपैकी सलग प्रक्रियेच्या कारखान्यांत ही पद्धत वापरली जाते. या मोजणीतील सर्वाधिक चुका रात्रपाळीत होतात. रात्रपाळी एका तारखेला सुरू होऊन दुसऱ्या तारखेला संपते, हे त्याचे मुख्य कारण आहे.

## पाळीपत्रक

सर्वसाधारणपणे पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३, दुसरी दुपारी ३ ते रात्री ११ आणि तिसरी (रात्रपाळी) रात्री ११ ते सकाळी ७ अशी असते. कामगारांच्या तुकड्या ठरावीक काळाने, बहुधा दर आठवड्याने, पाळी बदलतात.

आठवड्याचे एकूण तास १६८ असतात आणि एका कामगाराकडून आठवड्यात साधारणपणे ४८ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. १६८ भागिले ४८ केल्यास साडेतीन येतात. म्हणजेच रविवारीही न थांबणारे यंत्र तीन तुकड्यांवर चालवता येत नाही. चौथी तुकडी किंवा पुरेसे बदली कामगार ठेवावे लागतात. जेथे ही तरतूद नसते तेथे साप्ताहिक सुट्ट्या आणि गैरहजेरी या दोन्हींची भरपाई अतिकालिक कामातून केली जाते.

## रात्रपाळीचा दिवस

कारखाने अधिनियम, १९४८ नुसार ‘दिवस’ म्हणजे मध्यरात्रीपासूनचे चोवीस तास. मात्र मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीसाठी कलम ५७ मध्ये वेगळा नियम आहे. अशा पाळीत मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात मोजले जातात आणि कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून सुरू होतो. साप्ताहिक सुट्टीचे सलग चोवीस तासही पाळी संपल्यापासूनच धरले जातात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० च्या कलम २८ मध्ये हाच नियम आहे.

या नियमाचा परिणाम सुट्टीवरही होतो. शनिवारची रात्रपाळी करून रविवारी सकाळी ७ वाजता बाहेर पडलेल्या कामगाराची सुट्टी सोमवारी सकाळी ७ पर्यंत चालते. सोमवारी पहिल्या पाळीला तो येऊ शकतो. त्याला रविवारी रात्री ११ वाजता बोलावल्यास मध्ये केवळ १६ तास उरतात. पाळीपत्रकात रविवारच्या चौकटीत ‘सुट्टी’ लिहिलेले असले तरी त्याला साप्ताहिक सुट्टी मिळालेली नसते.

## अतिकालिक काम

कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ नुसार दिवसात ९ तासांपेक्षा किंवा आठवड्यात ४८ तासांपेक्षा अधिक काम केल्यास त्या जादा तासांना साधारण दराच्या दुप्पट वेतन द्यावे लागत असे. २०२० च्या संहितेत दुप्पट दर कायम आहे. तासांची मर्यादा ठरवण्याचे काम शासनाच्या नियमांकडे सोपवले आहे. दैनिक व साप्ताहिक या दोन हिशोबांपैकी कामगाराला जो अधिक लाभाचा असेल तो धरावा आणि अतिकालिक कामास कामगाराची संमती असावी, असे संहितेच्या कलम २७ मध्ये म्हटले आहे. या लेखातील उदाहरण १९४८ च्या अधिनियमातील ९ व ४८ तासांच्या मर्यादांवर सोडवले आहे.

अतिकालिक कामाचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पुढच्या पाळीचा कामगार (रिलीव्हर) न येणे. पावसाळ्यात मध्य रेल्वेची लोकल सेवा विस्कळीत झाली की कल्याण-डोंबिवली परिसरात हे ठळकपणे दिसते. रासायनिक अभिक्रिया अर्ध्यावर सोडता येत नसल्याने आधीच्या पाळीचा कामगार थांबतो. अधिनियमाच्या कलम ६४ मध्ये या परिस्थितीचा स्पष्ट उल्लेख होता. सलग प्रक्रियेतील पाळी कामगारास, कामावर न आलेल्या कामगाराच्या जागी पुढील पाळी पूर्ण किंवा अंशतः करता यावी, म्हणून राज्य शासन नियमांद्वारे दैनिक मर्यादेतून सूट देऊ शकत असे. ही सूट तासांच्या मर्यादेपुरती असे, दुप्पट वेतनापासून नसे.

## उदाहरण

डोंबिवलीतील एका काल्पनिक कारखान्यात एक कामगार सोमवार ते शनिवार रात्रपाळीवर आहे. रोज अर्ध्या तासाची विश्रांती वगळता त्याचे काम साडेसात तासांचे होते. गुरुवारी सकाळी पहिल्या पाळीचा कामगार लोकल बंद असल्याने येऊ शकला नाही आणि बुधवारच्या रात्रपाळीचा हा कामगार ११ वाजेपर्यंत थांबला. हजेरीयंत्रातील त्याच्या नोंदी पुढीलप्रमाणे आहेत.

| पाळी | आत | बाहेर |
|---|---|---|
| सोमवार | सोमवार २२:५१ | मंगळवार ०७:०५ |
| मंगळवार | मंगळवार २२:४८ | बुधवार ०७:०४ |
| बुधवार | बुधवार २२:५० | गुरुवार ११:०६ |
| गुरुवार | गुरुवार २२:५२ | शुक्रवार ०७:०३ |

हजेरीची संगणकप्रणाली तारखेनुसार जोड्या लावत असेल, म्हणजे त्या तारखेची पहिली नोंद ‘आत’ आणि शेवटची ‘बाहेर’ धरत असेल, तर चित्र उलटे होते. सोमवारी एकच नोंद सापडते आणि तो दिवस गैरहजेरीत जातो. बुधवारी ०७:०४ ते २२:५० असे १५ तास ४६ मिनिटे दिसतात. हा वस्तुतः कामगाराचा घरी असण्याचा वेळ होय. गुरुवारी ११:०६ ते २२:५२ असे ११ तास ४६ मिनिटे दिसतात. प्रत्यक्षात चार तास अधिक थांबल्यामुळे कागदावरचे काम चार तासांनी घटते. असे अशक्य आकडे पाहून लिपिक सर्व दिवस सरसकट ८ तासांचे करतो, तेव्हा खरे अतिकालिक कामही पुसले जाते.

योग्य पद्धतीत प्रत्येक नोंद तारखेला न जोडता पाळीला जोडली जाते. रात्री ११ च्या पाळीसाठी, उदाहरणार्थ, रात्री ९ पासून पुढील चोवीस तासांचा पट्टा ठरवला जातो आणि त्यात येणाऱ्या नोंदी त्याच पाळीच्या मानल्या जातात. मग गुरुवारचे ११:०६ आपोआप बुधवारच्या पाळीत येते.

बुधवारच्या पाळीत रात्री ११ ते सकाळी ११ असे १२ तास होतात. जादा वेळेत आणखी अर्धा तास विश्रांती मिळाली असे धरल्यास काम ११ तास ठरते. दैनिक हिशोबाने ११ उणे ९, म्हणजे २ तास अतिकालिक. साप्ताहिक हिशोबाने इतर पाच रात्रींचे साडेसदतीस अधिक ११, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस तास. त्यातून ४८ वजा जाता अर्धा तास उरतो. दैनिक हिशोब लाभाचा असल्याने २ तास धरले जातात. साडेसात ते नऊ या दरम्यानच्या दीड तासाचा मोबदला कारखान्यातील करारानुसार ठरतो. काही करारांत पाळी संपल्यापासूनच दुप्पट दर असतो.

गणनेत येणारे मासिक वेतन २०,८०० रुपये असल्यास, २६ दिवस व ८ तासांच्या रूढ भागाकाराने रोजचे ८०० आणि तासाचे १०० रुपये होतात. दोन तासांचे दुप्पट दराने ४०० रुपये देय आहेत. तारखेनुसार लावलेल्या जोड्यांमुळे हे ४०० आणि सोमवारच्या चुकीच्या गैरहजेरीचे ८००, असे एका आठवड्यात १,२०० रुपये कमी पडतात. रात्रपाळी फिरून आली की सोमवारची चूक पुन्हा घडते.

## हजेरीचे नियमितीकरण

यंत्रातील नोंद अपुरी किंवा चुकीची असल्यास ती पुराव्यासह दुरुस्त करण्याच्या क्रियेस नियमितीकरण म्हणतात. बोटाचा ठसा न उमटणे, वीज जाणे, बाहेर पडताना नोंद विसरणे आणि ऐनवेळी तोंडी केलेली पाळीची अदलाबदल ही त्याची नेहमीची कारणे आहेत. अदलाबदल पाळीपत्रकात उतरली नाही, तर यंत्र कामगाराला नेमलेल्या पाळीत गैरहजर ठरवते आणि त्याच्या खऱ्या नोंदी कोणत्याच पाळीत बसत नाहीत. म्हणून आधी पाळीपत्रक दुरुस्त करून मगच नोंदी पुन्हा जोडाव्या लागतात.

कामगार किंवा पर्यवेक्षक अर्ज करतो, विभागप्रमुख मान्यता देतो आणि टाइम ऑफिस दुरुस्ती करते. प्रवेशद्वारावरील नोंदवही, पाळी सोपवण्याची वही आणि यंत्रावरील कामाची तासवार नोंद हे पुरावे ग्राह्य धरले जातात. मूळ नोंद पुसली जात नाही. तिच्या शेजारी दुरुस्त वेळ, कारण आणि मान्यता देणाऱ्याचे नाव ठेवले जाते. तसे न केल्यास पुढे वाद उद्भवल्यावर कोणती वेळ यंत्राची आणि कोणती माणसाने लिहिलेली हे सांगता येत नाही.

अनेक कारखान्यांत पूर्वमान्यता नसलेले अतिकालिक तास प्रणाली शून्य धरते. १९४८ च्या अधिनियमाचे कलम ५९ मात्र दुप्पट वेतनाचा हक्क कामगाराने काम करण्याशी जोडत होते, मान्यतेच्या अर्जाशी नाही. पर्यवेक्षकाने थांबवून घेतलेल्या कामगाराचा अर्ज राहिला, तरी त्या तासांचे वेतन देय राहते.

## पगारपत्रक व पडताळणी

महिन्याचे वेतन सामान्यतः पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावे लागत असल्याने हजेरी त्याआधी काही दिवस गोठवली जाते. त्यानंतर मान्य झालेली दुरुस्ती पुढील महिन्यात थकबाकी म्हणून देतात. ती मूळ तारखेसह स्वतंत्र ओळीत दाखवली, तर कामगाराला ताळा करता येतो. चालू महिन्याच्या तासांत मिसळली, तर त्या महिन्याचे अतिकालिक तास फुगलेले दिसतात.

हजेरी गोठवण्यापूर्वी चूक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. रात्रपाळीच्या आठवड्यात पहिला दिवस गैरहजेरीचा आणि पुढचे दिवस पंधरा-सोळा तासांचे दिसले, तर जोड्या तारखेनुसार लागल्या आहेत. एखाद्या कामगाराच्या महिन्यातील नोंदींची संख्या विषम असेल, तर एखादी नोंद राहिली आहे किंवा महिनाअखेरची रात्रपाळी दोन महिन्यांत विभागली गेली आहे. सर्वांत उपयुक्त ताळा जागेवरून केला जातो. सलग चालणाऱ्या यंत्रावर एक कामगार गैरहजर असेल, तर त्या पाळीत बदली कामगाराची हजेरी किंवा दुसऱ्या कोणाचे तरी जादा तास सापडलेच पाहिजेत. दोन्ही नसतील आणि यंत्र मात्र चालू होते, तर कोणाचे तरी काम नोंदीबाहेर राहिले आहे.