नावांची यादी गाळताना: डोमेन अक्षरं बघतं, ट्रेडमार्क आवाज बघतो

व्यवसायाचं नाव ठरवताना बहुतेक जण एकाच क्रमाने जातात. वीस-पंचवीस नावं वहीत लिहायची, घरच्यांना वाचून दाखवायची, मग रात्री मोबाईलवर डोमेन मोकळं आहे का ते बघायचं. मोकळं दिसलं की लगेच विकत घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी लोगोवाल्याला फोन. ट्रेडमार्कची आठवण होते ती पाऊच छापून आल्यावर.

हा क्रम उलटा करा. का, ते एका उदाहरणावरून बघू. समजा, सांगलीच्या एका ताईंना गोडा मसाला, मेतकूट आणि कोरड्या चटण्यांचा व्यवसाय सुरू करायचाय आणि वहीत २३ नावं आहेत. (खाली ट्रेडमार्क आणि डोमेनचे जे निकाल दिलेत ते समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या नावांचे निकाल तुम्ही स्वतः काढा.)

पहिली चाळण वेबसाइट न उघडताच होते. 'घरगुती मसाले', 'अस्सल चव', 'सांगली मसाला' अशी नावं बाजूला काढा. ही नावं माल काय आहे किंवा कुठला आहे एवढंच सांगतात. ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ च्या कलम ९ मध्ये अशा नुसत्या वर्णनाच्या नावांवर हरकत येते, कारण ते शब्द सगळ्याच मसालेवाल्यांना लागतात. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र तर व्यापारी नावात घ्यायचंच नाही. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्यातच त्याला मनाई आहे. आपल्याकडे हे नाव यादीत हमखास असतं, म्हणून मुद्दाम सांगतोय. देवीदेवतांच्या नावांना सरसकट बंदी नाही, पण 'अन्नपूर्णा'सारखा शब्द शोधून बघा. इतकी गर्दी दिसेल की आपलं नाव वेगळं म्हणून दाखवताच येणार नाही. मोठ्या ब्रँडला चिकटणारं नावही इथेच काढा. पुण्याचा 'सुहाना' मसाला घरोघरी असताना 'सुहानी मसाले' हे नाव कितीही गोड वाटलं तरी उपयोगाचं नाही.

ताईंच्या यादीत आता समजा नऊ नावं उरली. खरं काम इथून पुढे आहे.

मराठी नावाची गंमत अशी, की ते देवनागरीत एकाच तऱ्हेने लिहितात आणि इंग्रजीत पाच तऱ्हांनी. 'चुलवण' घ्या. Chulvan, Chulwan, Chulavan, Choolvan, अजूनही निघतील. डोमेनच्या दृष्टीने ही सगळी वेगवेगळी नावं आहेत, एक अक्षर बदललं की नवं डोमेन मिळतं. ट्रेडमार्कच्या दृष्टीने मात्र हे एकच नाव आहे, कारण तिथे प्रश्न असा असतो की साध्या गिऱ्हाइकाचा ऐकताना, बघताना गोंधळ होईल का. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या नावांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. १९६२ मध्ये कोर्टाने सांगितलं की या दोन नावांत गोंधळ होईल इतकं साम्य आहे. शब्द सुटे करून नाही, पूर्ण नाव सामान्य माणसाच्या कानाला कसं लागतं ते बघायचं.

म्हणून प्रत्येक नावापुढे त्याची सगळी इंग्रजी स्पेलिंग लिहून काढा. व साठी v आणि w, आ साठी a आणि aa, ई साठी i आणि ee, ऊ साठी u आणि oo, क्ष साठी ksh आणि x. कंटाळवाणं काम आहे, पण अर्ध्या तासाचं आहे.

आता ipindia.gov.in वर जा आणि ट्रेडमार्कच्या विभागात Public Search उघडा. शोध फुकट आहे. तिथे आधी क्लास विचारतात, म्हणजे मालाचा गट. मसाले आणि चटण्या ३० मध्ये येतात, लोणची २९ मध्ये, दुकानदारीची सेवा ३५ मध्ये आणि हॉटेल-खानावळ ४३ मध्ये. ताईंनी फक्त ३० बघून थांबू नये. पुढच्या दोन वर्षांत लोणची करायची असतील तर २९ आत्ताच बघायचा.

Wordmark मध्ये पूर्ण नाव टाकू नका. Contains निवडा आणि नावाचा फक्त गाभा टाका: chul, मग chool. पूर्ण Chulvan टाकलं तर Chulwan दिसणार नाही आणि तुम्ही 'मोकळं आहे' म्हणून खूश व्हाल. त्यानंतर Phonetic मध्येही शोधा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. मराठी उच्चार त्याला नेहमी नीट पकडता येत नाहीत. कान तुमचाच वापरायचा. निकालाची यादी मोठ्याने वाचा, खरंच सांगतो, डोळ्याला न दिसलेलं साम्य कानाला लगेच कळतं.

निकाल आले की स्टेटस वाचायचं. तीन नावांवर बघू.

'खलबत्ता' शोधल्यावर समजा क्लास ३० मध्ये KHALBATA सापडलं, स्टेटस Registered, माल चटण्या. एक t कमी आहे म्हणून काही फरक पडत नाही. नाव यादीतून बाद. 'खलबत्ता मसाले' केलं तर? तरीही बाद. 'मसाले' हा सगळ्यांचा शब्द आहे, त्याने नाव वेगळं होत नाही. इथेच लोक फसतात, कारण khalbattamasale.in हे डोमेन त्यांना मोकळं मिळतं. जोडशब्दाने डोमेनची अडचण सुटते, ट्रेडमार्कची सुटत नाही.

'वरवंटा' समजा ३० मध्ये कुठेच नाही, पण ४३ मध्ये कुणाचा तरी खानावळीसाठी अर्ज आहे आणि स्टेटस Objected. क्लास वेगळा म्हणजे आपण सुरक्षित असं नाही. खानावळ आणि मसाला गिऱ्हाइकाच्या डोक्यात एकत्रच असतात, उद्या तो खानावळवाला स्वतःचा मसाला पाकिटात घालून विकू लागेल. Objected म्हणजे अर्ज संपला असंही नाही. परीक्षकाने हरकत घेतली आहे, उत्तर देऊन तो पुढे जाऊ शकतो. Opposed चंही तसंच, लढाई चालू आहे. मी अशा नावापुढे प्रश्नचिन्ह घालतो आणि दुसरं चांगलं नाव असेल तर हे सोडून देतो.

'चुलवण'साठी समजा ३० मध्ये एक जुना अर्ज आहे, स्टेटस Abandoned. अर्ज सोडून दिलाय, म्हणजे रस्ता मोकळा? अजून नाही. अर्जाचा तपशील उघडा आणि User Detail बघा. तिथे एखादी जुनी तारीख असेल, तर तो माणूस तेव्हापासून नाव वापरतोय असा त्याचा दावा आहे. अर्ज सोडला तरी धंदा चालू असू शकतो. आपल्या कायद्यात आधीपासून वापरणाऱ्याला मान आहे. कलम ३४ प्रमाणे, नोंदणी तुमची झाली तरी तुमच्या आधीपासून सातत्याने नाव वापरणाऱ्याला तुम्ही थांबवू शकत नाही. उलट तो तुम्हाला अडचणीत आणू शकतो. म्हणून गूगल, गूगल मॅप्स, इंस्टाग्राम, ॲमेझॉन आणि इंडियामार्टवर तीच सगळी स्पेलिंग टाकून बघा. देवनागरीतही टाका. गावातला छोटा उत्पादक इंग्रजीत सापडत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. 'शॉप ॲक्ट झालाय, उद्यम झालंय, आता नाव माझंच' असं माझ्या दुकानात येणारे निम्मे लोक म्हणतात. ती व्यवसायाची नोंद आहे. नावावरचा हक्क त्यातून मिळत नाही. कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणूनही मिळत नाही.

डोमेनचंही तेच. 'सत्यम इन्फोवे' कंपनी Sify नावाने डोमेन चालवत होती. दुसऱ्या एका कंपनीने siffynet.com आणि siffynet.net घेतली. अक्षरं वेगळी, म्हणून ती रीतसर विकतही मिळाली होती. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सत्यमच्या बाजूने निकाल दिला आणि डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखीच तत्त्वं लागू होतात असं सांगितलं. डोमेन विकणारा फक्त तेवढीच अक्षरं आधी कुणी घेतलीत का बघतो. पैसे घेतले म्हणजे परवानगी दिली असं होत नाही.

आता उरलेल्या दोन-तीन नावांसाठी डोमेन बघा. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि पान उघडलं नाही, म्हणून डोमेन मोकळं समजू नका. घेऊन नुसतं ठेवलेलं असू शकतं. .in साठी registry.in वर किंवा डोमेन विक्रेत्याच्या शोधात बघा. समजा chulvan.com कुणीतरी विकायला ठेवलंय आणि chulvan.in मोकळं आहे. ताईंना .in पुरेसं आहे, पण .com वर आत्ता काय चाललंय ते उघडून बघायलाच हवं. तिथे कुणी मसालेच विकत असेल तर पुन्हा ट्रेडमार्कच्या प्रश्नावर आलो. Chulwan.in पण मोकळं असेल तर तेही घ्या आणि मुख्य पत्त्याकडे वळवा, कारण फोनवर नाव ऐकून अर्धे लोक w टाकणार. किंमत बघताना पहिल्या वर्षाची सवलत बघू नका, नूतनीकरणाचा दर बघा. आणि डोमेन स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या नावावर घ्या, वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या खात्यात नको.

पाऊच छपाईला थांबा म्हणतो ते याच्यासाठी. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलेंडर बनतो आणि रोल ठरावीक वजनाच्या खाली कुणी छापून देत नाही. नाव बदललं की ज्या सिलेंडरवर नाव आहे ते नवे करायचे, उरलेले रोल भंगारात. लेबलवरची सगळी मजकुराची जुळणी पुन्हा करायची. नाव पक्कं होईपर्यंत साध्या पाकिटावर स्टिकर लावून विका.

नाव ठरलं की TM-A फॉर्म ऑनलाइन भरायचा. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर एका क्लासला ४,५०० रुपये सरकारी फी आहे, बाकीच्यांना ९,०००. उद्यम प्रमाणपत्र कामाला येतं ते इथे. अर्जानंतर नावापुढे ™ लावता येतं. ® नोंदणी झाल्याशिवाय लावायचं नाही, त्याला कायद्याने मनाई आहे. अर्ज स्वीकारून जर्नलमध्ये छापला की चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतो, तोपर्यंत मोठी छपाई टाळलेली बरी.

शोध ज्या दिवशी केला त्या दिवसापुरताच खरा असतो. अगदी ताजे अर्ज यादीत दिसायला वेळ लागतो. त्यामुळे अर्ज भरायला बसाल त्या सकाळी chul आणि chool पुन्हा एकदा टाकून बघा, आणि निकालाचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा.