कॅफिन जातं, सोबत काय जातं?

डिकॅफ कॉफीचा पहिला घोट घेतल्यावर ‘काहीतरी कमी आहे’ असं अनेकांना वाटतं. दोष लगेच कॅफिन नसण्यावर जातो, कारण कॉफीचा कडवटपणा म्हणजे कॅफिन असा आपला समज असतो. प्रत्यक्षात कॉफीच्या कडवटपणात कॅफिनचा वाटा साधारण 10 ते 15 टक्केच असतो. बाकीचा बहुतेक कडवटपणा दाणे भाजताना जन्माला येतो. कच्च्या दाण्यातली क्लोरोजेनिक आम्लं उष्णतेने मोडतात आणि त्यातून कडू पदार्थ तयार होतात. म्हणजे डिकॅफमध्ये जे हरवल्यासारखं वाटतं, ते कॅफिन नसतं. कॅफिन काढताना त्याच्यासोबत निघून गेलेलं ते दुसरंच काही असतं.

थोडा हिशोब मांडू. अरेबिका जातीच्या 100 किलो कच्च्या दाण्यांत कॅफिन असतं सुमारे सव्वा किलो. त्याच दाण्यांत 6 ते 9 किलो साखर असते आणि जवळपास तितकीच क्लोरोजेनिक आम्लं. भाजताना याच साखरेतून आणि आम्लांतून कॉफीचा रंग, वास, गोडवा आणि आंबटपणा घडतो. युरोपातल्या नियमानुसार डिकॅफ दाण्यांत कॅफिन 0.1 टक्क्याहून जास्त चालत नाही. म्हणजे या 100 किलोंतून किलोभराहून जास्त कॅफिन बाहेर काढायचं आणि बाकीच्या पंधरा-एक किलोंना धक्का लावायचा नाही. अडचण अशी की हे सगळेच पदार्थ पाण्यात विरघळतात. आणि पाण्याशिवाय काम सुरूच होत नाही, कारण कोरडा कच्चा दाणा खड्यासारखा टणक असतो. वाफेने किंवा पाण्याने तो फुगवला, की मगच आतलं कॅफिन हलू लागतं. हे काम नेहमी भाजण्याआधी करतात. भाजलेल्या दाण्यांवर करायला गेलं, तर तयार झालेला सुगंधच धुऊन जाईल.

जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात लुडविग रोझेलियस यांनी 1906 च्या सुमारास हा उद्योग उभा केला. ते दाणे वाफवून बेंझिनने धूत. बेंझिन आरोग्याला घातक असल्यामुळे ते पुढे मागे पडलं, पण तत्त्व टिकलं: कॅफिन विरघळवेल, साखर मात्र विरघळवणार नाही, असा द्रव शोधायचा. आज त्या जागी बऱ्याच ठिकाणी मेथिलीन क्लोराइड वापरतात. वाफवलेले दाणे त्यात काही तास पुन्हा पुन्हा धुतात आणि शेवटी परत वाफ देऊन उरलेला द्रव हाकलतात. हा द्रव 40 अंशांनाच उकळतो आणि भाजणी तर 200 अंशांच्या आसपास पोचते. त्यामुळे मागे उरतो तो अत्यल्प अंश, आणि त्यावरही अमेरिकेत दशलक्षात 10 भागांची मर्यादा आहे. रसायनाचं नाव ऐकून बिचकायला होतं, पण चवीच्या बाबतीत ही पद्धत फार सांभाळून काम करते, कारण साखर आणि आम्लं या द्रवात फारशी उतरत नाहीत.

ज्यांना असा द्रव नकोच, त्यांच्यासाठी निव्वळ पाण्याची पद्धत आहे. ती ‘स्विस वॉटर’ या नावाने ओळखली जाते. मूळ कल्पना स्वित्झर्लंडमधली, पण आजचा कारखाना कॅनडात व्हँकूव्हरच्या परिसरात आहे. नुसत्या पाण्याने साखरही निघून जाणार, मग ती वाचवायची कशी? हरभरे रात्रभर भिजवले, की त्यांची चव पाण्यात उतरते. तेच पाणी पुन्हा नव्या हरभऱ्यांना वापरलं, तर दुसऱ्या वेळी चव कमी उतरेल, कारण पाण्यात ती आधीच आहे. नेमकं हेच इथे करतात. आधी काही दाणे गरम पाण्यात भिजवून त्यांचा सगळा अर्क काढतात. हा अर्क ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून गाळतात. कार्बन कॅफिन धरून ठेवतो, साखर आणि आम्लं पुढे जाऊ देतो. पहिले दाणे टाकून देतात. हाती उरतो तो सगळं असलेला, फक्त कॅफिन नसलेला अर्क.

आता खरे दाणे या अर्कात घालतात. अर्कात आणि दाण्यात साखरेचं प्रमाण जवळपास सारखं असल्यामुळे साखरेला बाहेर येण्याची ओढ राहत नाही. कॅफिन तेवढं आत जास्त आणि बाहेर शून्य, म्हणून तेच निघतं. अर्क पुन्हा कार्बनमधून फिरतो, परत दाण्यांवर येतो, आणि हे चक्र काही तास चालतं. पण तोल कधीच अगदी काटेकोर नसतो. अर्क एका मळ्याच्या दाण्यांचा आणि भिजणारे दाणे दुसऱ्या मळ्याचे असतील, तर दोन्हींची देवाणघेवाण होते. म्हणून पाण्याच्या पद्धतीची कॉफी बहुधा स्वच्छ, गोलाईची लागते, पण एखाद्या मळ्याची ठळक ओळख, उदाहरणार्थ तीक्ष्ण फळाळ आंबटपणा, थोडी बोथट होते.

उरलेल्या दोन पद्धती थोडक्यात. जर्मनीतल्या म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत कुर्ट झोसेल यांनी 1960 च्या दशकात कार्बन डायऑक्साइडचा मार्ग दाखवला. 31 अंशांच्या वर आणि प्रचंड दाबाखाली हा वायू धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. दाण्यात तो वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखं कॅफिन विरघळवतो. साखरेला तो हातही लावत नाही. चव उत्तम राहते, पण यंत्रसामग्री महाग, म्हणून मोठ्या कारखान्यांनाच परवडतं. कोलंबियात इथाइल ॲसिटेट वापरतात. उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून ते बनतं, म्हणून पाकिटावर ‘शुगरकेन डिकॅफ’ असं लिहिलेलं दिसतं. या कॉफीत बऱ्याचदा पिकल्या फळासारखा गोडवा जाणवतो. पण उसापासून आलं तरी ते द्रावकच, हे लक्षात ठेवावं.

यानंतरचा धोका भाजणीत असतो, आणि खराब डिकॅफचा दोष पुष्कळदा तिथलाच असतो. भिजून पुन्हा वाळवलेला दाणा भाजण्याआधीच तपकिरी झालेला असतो, त्याचा पोतही सैल झालेला असतो. एरवी कच्चा दाणा हिरवट असतो आणि भाजणारा रंग पाहून अंदाज घेतो. इथे रंग फसवतो: बाहेरून दाणा तयार दिसतो, आत कच्चा असतो, आणि कपात पुठ्ठ्यासारखी, भिजल्या धान्यासारखी चव येते. दाणे तडकल्याचा आवाजही मंद येतो. रंग कमी दिसतोय म्हणून उलट जास्त भाजलं, तर तेल लवकर पृष्ठभागावर येतं, हवेशी भिडतं आणि कॉफी लवकर शिळी होते. जाणता भाजणारा म्हणून डिकॅफचा वेगळा हिशोब ठेवतो. आच जपून देतो, दाण्याचं तापमान आणि वजनातली घट पाहतो.

विकत घेताना पाकिटावर पद्धतीचं नाव आहे का, ते बघा; त्याहून आधी भाजल्याची तारीख बघा. दाण्यांवर तेलाची चकाकी दिसली, तर ते गडद भाजलेले असण्याची शक्यता मोठी, आणि ते लवकर संपवावे लागतील. थोडेच दाणे घ्यावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. दूध आणि चिकोरी घालून फिल्टर कॉफी पिणाऱ्यांना पद्धतींमधला फरक फारसा कळणार नाही, कारण चिकोरीचा स्वतःचा कडवटपणा त्यावर पांघरूण घालतो. चिकोरीत कॅफिन नसतं, त्यामुळे त्यांनी महागड्या पद्धतीपेक्षा ताज्या भाजणीवर पैसे खर्च करावेत. काळी कॉफी पिणाऱ्याला मात्र हा फरक पहिल्या घोटात कळतो, आणि त्याने पद्धत विचारूनच घ्यावी.