सासू कोण, सून कोण?

एक गोष्ट कल्पनेतलीच, पण घडू शकेल अशी. प्रश्नमंजुषेच्या कार्यक्रमात नाशिकची एक शिक्षिका हॉट सीटवर बसली आहे. पाच प्रश्न झाले, तिन्ही लाइफलाइन शाबूत. सहावा प्रश्न येतो: ‘तू तू मैं मैं’ या मालिकेत सासूची भूमिका कोणी केली होती? प्रेक्षकांत हशा पिकतो. नव्वदच्या दशकात घरोघरी पाहिलेली मालिका, सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केलेली. रीमा लागू सासू, सुप्रिया पिळगांवकर सून. बाईंनी ती लहानपणी आजीच्या शेजारी बसून पाहिली आहे. आणि तरीही त्या गप्प.

या गप्प बसण्याचं काय करायचं, इथे कथालेखकाची परीक्षा आहे. ‘घाबरली आणि विसरली’ म्हणून मोकळं होता येत नाही, कारण समोर चार पर्याय आहेत. नाव आतून खेचून काढणं आणि समोर दिसलेलं नाव ओळखणं ही दोन निरनिराळी कामं. पहिलं काम अडतं तेव्हा शब्द जिभेवर घोळतो, पण बाहेर येत नाही. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील या मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये हार्वर्डमध्ये हे तपासलं. विद्यार्थ्यांना क्वचित वापरातल्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवले आणि शब्द विचारला. शब्द अडला, तरी त्याचं पहिलं अक्षर कोणतं आणि तो किती अवयवांचा, हे अनेकांना नुसत्या अंदाजापेक्षा बरंच अचूक सांगता आलं. म्हणजे शब्द हरवलेला नसतो, अर्धामुर्धा हाती लागलेला असतो. पण अशा अडलेल्या माणसाला खरं नाव नुसतं दाखवलं, तरी तो बहुधा लगेच ‘हेच!’ म्हणतो. आमच्या बाईंना ते पडद्यावर दिसतं आहे. मग अडलं कुठे?

अडलं ते दुसऱ्या पर्यायावर. ‘अ’ला रीमा लागू, ‘ब’ला सुप्रिया पिळगांवकर, ‘क’ला रत्ना पाठक शाह, ‘ड’ला अर्चना पूरणसिंग. प्रश्न वाचला जात असतानाच बाईंच्या मनात रीमाताईंचं नाव आलं होतं. सुप्रियाचं नाव दिसलं मात्र, गाडी रुळावरून घसरली. ही सुप्रिया पुढे 2010 साली सुरू झालेल्या ‘ससुराल गेंदा फूल’मध्ये स्वतःच सासू झाली होती, आणि बाईंनी तीही मालिका पाहिली आहे. रत्ना पाठक तर ‘साराभाई वर्सेस साराभाई’मधली सुनेचं एकही वाक्य धड न सोडणारी सासू. अर्चना पूरणसिंग आणि रीमा लागू ‘श्रीमान श्रीमती’त शेजारणी. चारही चेहरे ओळखीचे, चौघी विनोदी मालिकांतल्या, त्यातल्या तिघी कुठे ना कुठे सासू. ज्याने यातलं काहीच पाहिलेलं नाही तो अंदाजाने ‘अ’ म्हणून मोकळा होईल. बाईंना मात्र सगळंच आठवतं आहे.

त्यात सूत्रसंचालकाचा तो प्रश्न: ‘नक्की?’ तो सगळ्यांनाच विचारतात, बरोबर असो वा चूक. पण सोप्या प्रश्नानंतर तो कानावर आला की वाटतं, एवढं सोपं कसं असेल? काहीतरी मेख आहे. शिकवताना आपण मुलांना हेच सांगतो ना, की प्रश्न नीट वाचा. बाई प्रश्न चौथ्यांदा वाचतात. ‘सासू’ हा शब्दच आता अनोळखी दिसायला लागतो.

लाइफलाइन घ्यावी तर लाज. 2018 मध्ये तुर्कस्तानात ‘मिलियनेअर’च्या तिथल्या आवृत्तीत एका तरुणीला चीनची भिंत कोणत्या देशात आहे असं विचारलं गेलं. तिने आधी प्रेक्षकांचा कौल घेतला. त्यात जेमतेम निम्म्यांनीच चीन म्हटलं, म्हणून मग मित्राला फोन केला. जगभर तिची थट्टा झाली. उत्तर माहीत होतं पण खात्री नव्हती, असं तिने नंतर सांगितलं. लोकांना ती सबब वाटली. मला ते सरळ खरं वाटतं. माहीत असणं आणि खात्री असणं यांत फट असते, आणि हॉट सीटवर ती फट भलतीच रुंदावते.

आमच्या कथेत बाईंनी काय करावं? चुकीचं उत्तर देऊन त्यांना घरी पाठवणं हा सोपा शेवट, म्हणून तो नको. त्या प्रेक्षकांचा कौल घेतात. हॉल हसतो, आलेखात ‘अ’चा खांब जवळजवळ वरपर्यंत चढतो, उत्तर बरोबर येतं. सोबत आलेल्या सासूबाई पहिल्या रांगेत कपाळाला हात लावून बसलेल्या. कथा मात्र इथे संपत नाही. तुर्कस्तानातली ती तरुणी दोन लाइफलाइन खर्चून चीनपाशी पोचली आणि पुढच्याच प्रश्नाला बाद झाली. आमच्या बाईंचा सातवा प्रश्न क्रिकेटमधल्या एका विक्रमाचा आहे. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. हॉलमधल्या निम्म्या लोकांना उत्तर ठाऊक आहे, आणि त्यांना विचारण्याची लाइफलाइन रीमा लागूंवर खर्च झाली आहे.