दुःस्वप्नांवरील उपचार : प्रतिमा-सराव पद्धती

एखादा भीषण अपघात, पूर, भूकंप अथवा अत्याचार यांतून बचावलेल्या व्यक्तीला पुढे महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, त्याच प्रसंगाशी निगडित भयावह स्वप्ने पडत राहतात. जागेपणी ही व्यक्ती घरकाम, नोकरी, व्यवहार यथास्थित करीत असते, त्यामुळे घरच्यांना आजाराची कल्पना येत नाही. रात्री मात्र ती किंचाळून उठते, घामाने भिजते आणि पुन्हा डोळा लागू नये म्हणून दिवा लावून बसून राहते. झोपेचीच धास्ती बसल्याने विश्रांती मिळत नाही, दिवसा चिडचिड होते आणि आघाताच्या इतर लक्षणांनाही बळ मिळते.

अशा रुग्णांसाठी ‘इमेजरी रिहर्सल थेरपी’, म्हणजेच प्रतिमा-सराव उपचार, ही पद्धत जगभर वापरली जाते. तिच्या जडणघडणीत अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील डॉ. बॅरी क्रॅको व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. लैंगिक अत्याचारातून बचावलेल्या 168 स्त्रियांवर त्यांनी केलेला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. अवघ्या तीन बैठकांनंतर उपचार घेतलेल्या स्त्रियांची दुःस्वप्ने लक्षणीयरीत्या घटली व झोप सुधारली, असे त्यात आढळले. अमेरिकेतील निद्राविकार तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 च्या आपल्या भूमिकापत्रात आघातजन्य दुःस्वप्नांसाठी याच उपचाराची शिफारस केली.

उपचारामागील विचार

आघातानंतर प्रारंभी पडणारी वाईट स्वप्ने ही मनाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते व बहुतेकांच्या बाबतीत ती काही आठवड्यांत ओसरतात. काहींच्या बाबतीत मात्र तेच चित्र रात्रीमागून रात्री पडत राहते आणि हळूहळू त्याची सवय जडते. मूळ भीती निवळली तरी सवय आपल्या गतीने चालू राहते. सवय शिकलेली असते, म्हणून ती बदलताही येते. जागेपणी मनःचक्षूंसमोर चित्र उभे करण्याची आपली शक्ती आणि झोपेतील स्वप्नचित्रे यांचे जवळचे नाते आहे. म्हणून रुग्णाने जागेपणी स्वप्नाचे नवे रूप रचावे व त्याचा रोज सराव करावा, एवढाच या उपचाराचा गाभा होय. मूळ आघाताचे सविस्तर कथन येथे करावे लागत नाही. ज्यांना त्या प्रसंगाविषयी बोलणे असह्य होते, त्यांना याचा विशेष उपयोग होतो.

उपचाराचे टप्पे

हे टप्पे स्पष्ट व्हावेत म्हणून एका रुग्णाचे उदाहरण घेऊ. ओळख प्रकट होऊ नये यासाठी ते अनेक रुग्णांच्या अनुभवांतून जुळवलेले आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा 44 वर्षांच्या एक गृहिणी वृद्ध सासूबाईंसह घराच्या जिन्यावर अडकल्या. दुसऱ्या दिवशी दोघींची सुटका झाली. गोठ्यात बांधलेली गाय मात्र दावे सोडता न आल्याने बुडाली. दोन वर्षांनंतरही त्यांना आठवड्यातून पाच रात्री दुःस्वप्न पडत असे.

*पहिला टप्पा : तपासणी व नोंदवही.* सर्वप्रथम झोप बिघडण्याची अन्य कारणे पाहिली जातात. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे, मद्यपान, रक्तदाबाची किंवा नैराश्याची काही औषधे यांमुळेही वाईट स्वप्ने वाढू शकतात. स्वप्नात हातपाय झाडून शेजारच्याला इजा होत असेल तर तो निराळा विकार असू शकतो. मनात आत्महत्येचे विचार येतात का, हेही स्पष्टपणे विचारले जाते. वारंवार पडणारी दुःस्वप्ने असलेल्या रुग्णांत तो धोका वाढलेला असतो. त्यानंतर आठवडाभर नोंदवही ठेवली जाते. किती रात्री स्वप्न पडले, किती वेळा, आणि 0 ते 10 या मापावर त्रास किती झाला, एवढेच त्यात लिहावयाचे असते. स्वप्नाचे वर्णन लिहावयाचे नसते.

*दुसरा टप्पा : चित्र उभे करण्याचा सराव.* रुग्णाने डोळे मिटून काही मिनिटे एखादे सुखद दृश्य मनात आणावे. या बाईंनी माहेरच्या परसातील आंब्याचे झाड निवडले. अप्रिय चित्र मध्येच आले तर डोळे उघडावेत, पाय जमिनीला टेकल्याची जाणीव घ्यावी, श्वास सावकाश सोडावा आणि पुन्हा सुखद चित्राकडे वळावे, हे याच वेळी शिकवले जाते.

*तिसरा टप्पा : स्वप्नाची निवड.* सर्वांत भयंकर स्वप्न प्रथम घेऊ नये, तसेच प्रत्यक्ष प्रसंगाची हुबेहूब पुनरावृत्ती असलेले स्वप्नही आरंभी टाळावे. बाईंची दोन स्वप्ने होती. एकात गाय हंबरत असे. त्याला त्यांनी 10 गुण दिले. दुसऱ्यात त्या अंधाऱ्या खोलीत किल्ली शोधत आणि दाराखालून पाणी आत येई; त्याला 6 गुण होते. उपचारासाठी दुसरे स्वप्न निवडले गेले.

*चौथा टप्पा : स्वप्न बदलणे.* रुग्णाने स्वप्न मोजक्या शब्दांत लिहावे व आपल्या इच्छेनुसार त्यात बदल करावा. बदल आरंभी, मध्ये वा शेवटी, कोठेही चालतो. तो वास्तवाशी जुळलाच पाहिजे असे नाही. मात्र तो रुग्णाचा स्वतःचा असावा, उपचारकाने सुचविलेला नसावा. बाईंनी लिहिले की दाराखालून येणारे पाणी हे पहाटे अंगणात घातलेल्या सड्याचे आहे. दार नुसते लोटलेले आहे. त्या बाहेर येतात आणि उंबऱ्यापुढे रांगोळी काढू लागतात.

*पाचवा टप्पा : दैनंदिन सराव.* हे नवे स्वप्न रोज 10 ते 20 मिनिटे जागेपणी मनात पाहावे. ओल्या मातीचा वास, रांगोळीचा चिमटीतील स्पर्श असे बारकावे त्यात आणावेत. जुन्या स्वप्नाची उजळणी करू नये. बाई दुपारच्या जेवणानंतर सराव करीत, कारण अंथरुणावर पडताच त्यांची धास्ती वाढे.

*सहावा टप्पा : आढावा.* क्रॅको यांच्या अभ्यासात एका आठवड्याच्या अंतराने तीन-तीन तासांच्या दोन बैठका व तीन आठवड्यांनी एक तासाची आढावा बैठक होती. इतरत्र छोट्या बैठका अधिक संख्येने घेतल्या जातात. प्रगती नोंदवहीवरून ठरते. बाईंच्या दुसऱ्या आठवड्यात पाचाऐवजी सहा रात्री स्वप्न पडले. सुरुवातीला अशी किंचित वाढ होऊ शकते. ती टिकून राहिली वा दिवसा त्रास वाढला, तर सराव थांबवून उपचारकाशी बोलावे. चौथ्या आठवड्यात तीन रात्री आणि आठव्या आठवड्यात एक रात्र उरली. सड्याचे स्वप्न त्यांना झोपेत कधीच पडले नाही. पुष्कळ रुग्णांचा हाच अनुभव असतो. नवे स्वप्न पडणे हे यशाचे गमक नव्हे. जुने विरळ होणे हे गमक होय.

कोठे अडते

त्यानंतर गायीचे स्वप्न घेण्यात आले, तेव्हा बाई म्हणाल्या, “दावे मी सोडले नाही, हे खरे आहे. मग सोडल्याचे खोटे चित्र मी का रंगवू?” हा प्रश्न रास्त होता. प्रतिमा-सराव घडलेली गोष्ट पुसत नाही आणि अपराधीपणाचे उत्तरही देत नाही. त्या रात्री गोठ्यात छातीभर पाणी होते आणि सासूबाईंना एकटे सोडून जाणे शक्य नव्हते, यावर स्वतंत्रपणे बोलावे लागले. आघातावरील समुपदेशनाच्या बैठका झाल्यावरच ते स्वप्न सौम्य झाले, पूर्णपणे गेले नाही.

इतरत्रही ही मर्यादा दिसली आहे. व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवरील 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा उपचार तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या उपचाराहून सरस ठरला नाही. जुनाट व गुंतागुंतीच्या आघातात केवळ स्वप्नावर उपचार पुरत नाही. तसेच रुग्ण भ्रमावस्थेत असेल, अथवा घरातील मारहाणीसारखा धोका अद्याप चालूच असेल, तर प्रथम त्याची व्यवस्था करावी लागते.

औषधांचे स्थान

पूरक औषध म्हणून प्राझोसिनचा विचार होतो. हे मूलतः उच्च रक्तदाबावरील औषध आहे. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे शरीराला सावध ठेवणारे द्रव्य आघातग्रस्तांत रात्रीही अधिक कार्यरत राहते. प्राझोसिन त्याचा परिणाम रोखते. प्रारंभी निजताना 1 मिलिग्रॅम देऊन, रक्तदाब पाहत, मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवितात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरून भोवळ येऊ शकते. म्हणून रात्री उठताना आधी काही क्षण अंथरुणावर बसावे. काही दिवस खंड पडल्यास पूर्वीची मात्रा आपणहून सुरू करू नये. पुन्हा अल्प मात्रेपासून आरंभ करावा लागतो. रक्तदाबाची अन्य औषधे अथवा पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरील गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

या औषधाविषयीचा पुरावा संमिश्र आहे. आधीच्या छोट्या अभ्यासांत लाभ दिसला होता. परंतु 304 माजी सैनिकांवरील 2018 च्या मोठ्या अभ्यासात ते निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही. तरीही काही रुग्णांना निश्चित आराम पडतो, म्हणून वैयक्तिक निर्णय घेऊन ते दिले जाते. औषध थांबविल्यावर स्वप्ने परतू शकतात. सरावाने लागलेली नवी सवय मात्र पुढेही टिकू शकते. वरील उदाहरणातील बाईंचा रक्तदाब मुळातच कमी, 100/60 इतका होता, म्हणून त्यांना प्राझोसिन दिले नाही.

त्या वर्षभर क्लोनाझेपाम ही झोपेची गोळी घेत होत्या. वर उल्लेखिलेल्या 2018 च्या भूमिकापत्राने दुःस्वप्नांसाठी या गोळीची शिफारस केलेली नाही, शिवाय तिची सवय लागते. परंतु ती एकदम बंद केल्यास झोप अधिकच बिघडते, प्रसंगी फिटही येऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी करण्यात आली.

कुटुंबीयांसाठी

रात्री रुग्ण दचकून उठल्यास त्याला हलवू अथवा पकडू नये. थोड्या अंतरावरून नावाने हाक मारावी, दिवा लावावा, आपण कोठे आहोत ते शांतपणे सांगावे. स्वप्नात काय दिसले, हे त्या वेळी खोदून विचारू नये. दिवसा सरावासाठी वीस मिनिटांचा निवांतपणा मिळवून द्यावा आणि नोंदवही रुग्णालाच भरू द्यावी. या बाईंच्या घरी दुपारी तेवढा वेळ सासूबाई दाराशी बसून राहत आणि आल्यागेल्याला थोडे थांबावयास सांगत.